सरासरी ८८ टक्के, तरी पेपरात २३

पत्र छोटं आहे, म्हणून आधी ते जसंच्या तसं देतो. दहावीच्या एका मुलीच्या आईवडिलांना तिच्या गणिताच्या शिकवणीच्या सरांनी ते पाठवलं. अशी पत्रं हल्ली दर शनिवारी घरोघरी येतात.

‘आदरणीय पालक, सप्रेम नमस्कार. या आठवड्यात आपल्या मुलीने सहा सरावपत्रिका पूर्ण केल्या. सरासरी ८८ टक्के आहे. संकल्पना पक्क्या आहेत. थोड्या हातचुका होतात, त्या सरावाने कमी होतील. बोर्डाच्या परीक्षेला सहा आठवडे राहिले आहेत. रोज तीन तास गणित, दोन दिवसांत एक प्रकरण आणि शेवटचे दहा दिवस रोज एक प्रश्नपत्रिका असे वेळापत्रक ठेवावे. ती नियमित अभ्यासाला बसते की नाही, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. कळावे.’

पत्राची भाषा सभ्य आहे. सरांनी सहाही पत्रिका तपासल्या आहेत, त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप पत्रातल्या मजकुरावर आहे. त्यातली चार विधानं चुकीची आहेत आणि चारही विधानं मुलीला चुकीच्या दिशेने नेणारी आहेत. ८८ टक्क्यांवरून तयारी कळत नाही. ज्यांना हातचुका म्हटलंय त्या हातचुका नाहीत. वेळापत्रकाची रचनाच विसरायला लावणारी आहे. आणि पालकांवर जे काम सोपवलंय ते राखणदाराचं आहे, त्याचा गणिताशी संबंध नाही. मी स्वतः दहावीचं गणित शिकवतो, म्हणून हा वाद मोघमपणे न घालता याच मुलीच्या कागदांवर घालतो.

पत्र आलं त्याच आठवड्यात शाळेच्या पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर हातात आला. चाळीसपैकी २३. घरात एकच निष्कर्ष निघाला : घरी सगळं येतं, परीक्षेत मात्र घाबरते. सरांचंही तेच मत पडलं. मी सहा सरावपत्रिका आणि पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिली. घाबरण्याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. पेपरात जे विचारलं होतं ते सहा पत्रिकांमध्ये एकदाही विचारलेलं नव्हतं, हे मात्र स्पष्ट दिसलं.

पहिलं विधान घेऊ. सहा पत्रिकांपैकी तीन वर्गसमीकरणांच्या आणि तीन अंकगणिती श्रेढीच्या होत्या. प्रत्येकी २० गुण. वर्गसमीकरणांत १७, १६, १८ आणि श्रेढीत १८, १९, १८. एकूण १२० पैकी १०६, म्हणजे ८८ टक्के. हिशेब बरोबर आहे. पण प्रत्येक पत्रिकेच्या डोक्यावर काय छापलंय ते बघा : ‘सूत्रपद्धतीने सोडवा’, ‘अवयव पद्धतीने सोडवा’, ‘n वे पद काढा’, ‘पहिल्या n पदांची बेरीज काढा’. कोणती पद्धत वापरायची हे मथळाच सांगून टाकतो. पहिल्या उदाहरणानंतर मुलीला विचार करण्याचं कारण उरत नाही. वरच्या उदाहरणातले आकडे बदलायचे आणि तीच पायरी खाली उतरवायची. वीसच्या वीस उदाहरणं अशी सुटू शकतात.

पेपरात मथळे नसतात. पूर्वपरीक्षेत तीन गुणांचं एक उदाहरण असं होतं : एक सदस्य बचतगटात पहिल्या महिन्यात २०० रुपये भरतो आणि नंतर दर महिन्याला आधीपेक्षा ५० रुपये जास्त भरतो, तर दोन वर्षांत त्याने एकूण किती रक्कम भरली? मुलीने लिहिलं : `t₂₄ = 200 + 23 × 50 = 1350`. आकडेमोड अचूक आहे, सूत्र पाठ आहे, अक्षरही नेटकं आहे. पण १३५० रुपये ही फक्त चोविसाव्या महिन्याची रक्कम झाली. विचारली होती सगळ्या महिन्यांची बेरीज : `S₂₄ = 24/2 × (200 + 1350) = 18600`. तिला दोन्ही सूत्रं येतात. ‘n वे पद’ या पत्रिकेत तिला १८ मिळाले आणि ‘बेरीज’ या पत्रिकेत १९. कोणतं सूत्र कधी वापरायचं, हे मात्र तिला कधी कुणी ठरवूच दिलं नाही. दोन सूत्रं दोन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या दिवशी आली. ती एकमेकांसमोर पहिल्यांदा आली ती थेट परीक्षेत.

चौथ्या प्रश्नातलं चार गुणांचं उदाहरणही असंच. आयताकृती बागेची परिमिती ४० मीटर, क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर, तर लांबी आणि रुंदी काढा. तिने `x + y = 20` आणि `xy = 96` अशी दोन समीकरणं अगदी बरोबर मांडली. दोन चलं दिसली, म्हणून हे एकसामयिक समीकरणांचं उदाहरण, असं तिने धरलं. मग पहिल्या समीकरणाला कधी दोनाने, कधी तीनाने गुणून एक चल घालवायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्या पानानंतर सोडून दिलं. पहिल्या समीकरणातून `y = 20 − x` घेऊन दुसऱ्यात ठेवलं असतं, तर `x² − 20x + 96 = 0` मिळालं असतं आणि लांबी १२, रुंदी ८ निघाली असती. हे वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायला तिला एक मिनिटही लागत नाही. त्या पत्रिकेत तिला १८ आहेत. इथे ते वर्गसमीकरण आहे हे ओळखायचं होतं, आणि तेवढंच राहिलं.

गेलेले १७ गुण मी मोजून वेगळे केले. बचतगटाचे ३ गेले, बागेचे ४ गेले, पाचव्या प्रश्नाचे ३ कोरे राहिले, कारण पाचवा प्रश्न नेहमीच्या साच्यातला नसतो आणि सुरुवात कुठून करायची ते तिला समजलं नाही. म्हणजे सतरापैकी दहा गुण पद्धत निवडण्यापाशी गेले. वर्गसमीकरणातल्या चिन्हाच्या चुकीने ३ गेले, तिच्याकडे पुढे येतो. उरलेले ४ पहिल्या प्रश्नात आणि कृतींच्या चौकटींत इकडेतिकडे गेले. जिथे सर्वांत जास्त गुण गेले, त्याची चाचणी सहा पत्रिकांपैकी एकीतही नव्हती. मग ८८ टक्के कशाचे? पद्धत दुसऱ्याने सांगितल्यावर ती पार पाडण्याचे. ते कौशल्य गरजेचं आहे, पण त्यालाच ‘तयारी’ म्हणणं ही पालकांची दिशाभूल आहे. ती हेतुपुरस्सर नाही, म्हणून तिचे परिणाम कमी होत नाहीत.

हे निरीक्षण माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं सरमिसळ करून सोडवली. सरावात सलग गटाला ८९ टक्के गुण, सरमिसळ गटाला ६०. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलग गटाला २० टक्के आणि सरमिसळ गटाला ६३. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर थांबायला नको. रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सातवीच्या ५४ वर्गांवर काही महिने तेच करून पाहिलं आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याने पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत सरमिसळ सराव केलेल्या वर्गांना ६१ टक्के आणि सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. सरांच्या पत्राला यातला पहिला प्रयोग जास्त लागू पडतो. सरावात ज्यांचे गुण जास्त दिसत होते, तेच परीक्षेत मागे पडले. सरावाची सरासरी उंच ठेवायची असेल तर सलग पत्रिका द्या, काम होईल. पण ती सरासरी पालकांना तयारीचं मोजमाप म्हणून पाठवू नका.

आता हातचुका. वर्गसमीकरणांच्या तीन पत्रिकांत मिळून ९ गुण गेले होते. सरांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला आहे आणि शेजारी ‘काळजीपूर्वक’ असं लिहिलं आहे. ती ठिकाणं मी एकाखाली एक मांडली. नऊपैकी सात गुण अशा समीकरणांत गेले होते जिथे शेवटचं पद ऋण होतं. उदाहरणार्थ `x² − 4x − 3 = 0`. इथे `a = 1, b = −4, c = −3`. मुलीने लिहिलं : `b² − 4ac = 16 − 12 = 4`, आणि उत्तरं काढली ३ आणि १. खरं तर `−4 × 1 × (−3)` म्हणजे अधिक १२, बेरीज २८, आणि उत्तरं `2 + √7` व `2 − √7`. जिथे `c` धन होता, तिथे तिचं एकही चिन्ह चुकलेलं नाही. जिथे ऋण होता, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी चुकलेलं आहे.

काळजी कमी पडल्यामुळे झालेली चूक अशी ठरावीक जागी पडत नाही, ती कुठेही पडते. हिची चूक एका विशिष्ट परिस्थितीत पुन्हापुन्हा होते, म्हणजे तिच्या मनात एक चुकीचा नियम बसलेला आहे. सूत्रातलं वजाचं चिन्ह ती पक्कं धरते आणि `c` ची किंमत चिन्ह सोडून ठेवते. हे मी तिला विचारून खात्री करून घेतलं. ती म्हणाली, ‘वजा तर सूत्रात आहेच ना, दोनदा कशाला लिहायचं?’ या एका वाक्यात तिच्या सात गुणांचं कारण आहे. ‘काळजीपूर्वक’ असं सात वेळा लिहूनही ते समजलं नसतं, आणि आणखी शंभर उदाहरणं सोडवून घेतली असती तर तोच चुकीचा नियम शंभर वेळा घोटला गेला असता. ‘हातचुका सरावाने कमी होतील’ हे पत्रातलं वाक्य म्हणून फक्त मोघम नाही, घातक आहे.

इलाज वीस मिनिटांचा होता. किंमत ठेवताना कंस सक्तीचा करायचा : `(−4)² − 4(1)(−3)`. आणि उत्तर पडताळायची सवय लावायची. ३ हे उत्तर मूळ समीकरणात ठेवलं तर `9 − 12 − 3` म्हणजे उणे ६ येतं, शून्य येत नाही. त्याहून झटपट कसोटी म्हणजे मुळांचा गुणाकार `c/a` इतका यायला हवा. इथे तो उणे ३ हवा, तिचा अधिक ३ आला. पाच सेकंदांत चूक पकडता येते. पूर्वपरीक्षेत याच चुकीने तीन गुण गेले आणि बोर्डातही गेले असते.

कोणी म्हणेल, शिकवणाऱ्याला एवढं निरखून पाहायला वेळ कुठे आहे? पंधरा मुलं, प्रत्येकाच्या सहा पत्रिका. मला ही अडचण खरी वाटते आणि तिचं उत्तरही आहे. पत्रिका कमी द्या. सहाऐवजी दोन द्या, पण चुकीच्या प्रत्येक उदाहरणापुढे एक अक्षर लिहा : पद्धत चुकली तर ‘प’, संकल्पना चुकली तर ‘स’, आकडेमोड चुकली तर ‘आ’, अपुरं सोडलं तर ‘अ’. लाल गोल करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यालाही लागतो. आठवड्याच्या शेवटी अक्षरं मोजली की पत्राचा निम्मा मजकूर तयार होतो. एखाद्या अक्षराचा ढीग एकाच प्रकारच्या उदाहरणांवर पडलेला दिसला, की मुलीला बसवून विचारायचं, ‘इथे काय विचार केलास?’ कोणतीही सरासरी हा प्रश्न विचारू शकत नाही.

तिसरं विधान वेळापत्रकाचं. दोन दिवसांत एक प्रकरण. बीजगणिताची सहा प्रकरणं आणि भूमितीची सात, मिळून तेरा. म्हणजे सव्वीस दिवस. मुलगी पुस्तकाच्या क्रमाने गेली तर रेषीय समीकरणं पहिल्या दोन दिवसांत, वर्गसमीकरणं पुढच्या दोन दिवसांत, श्रेढी पाचव्या-सहाव्या दिवशी. त्यानंतर श्रेढी तिच्या समोर येणार ती सगळी प्रकरणं संपल्यावर, म्हणजे किमान तीन आठवड्यांनी. ज्या प्रकरणात आज गुण जातायत, ते तीन आठवडे बंद. आणि ज्या दोन दिवसांत ते उघडं असेल, त्या दिवसांतही सगळी उदाहरणं त्याच प्रकरणातली, म्हणजे पुन्हा मथळा ठरलेला. सलग सरावातला दोष आणि विसरण्याचा दोष, दोन्ही या वेळापत्रकात एकत्र आले आहेत.

शेवटचे दहा दिवस रोज एक प्रश्नपत्रिका, हा भाग पालकांना सर्वांत जास्त पटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. बोर्डाचा गणिताचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि दोन तासांचा. दोन तास पेपर, निदान पाऊण तास तपासणी, चुकलेली उदाहरणं पुन्हा सोडवायला आणखी तासभर. म्हणजे पावणेचार तास रोज, फक्त गणिताला, इतर विषयांच्या उजळणीच्या ऐन दिवसांत. प्रत्यक्षात घडतं ते असं : पेपर सोडवला जातो, गुण मोजले जातात, दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर. चुका पुन्हा सोडवण्याचा तास कापला जातो, कारण तो पत्रात लिहिलेला नसतो आणि कुणाला दिसत नाही. दहा पेपर होतात आणि तीच चूक दहा वेळा होते.

त्यात पेपरातले पर्याय आणखी एक गोष्ट लपवतात. दुसऱ्या प्रश्नाच्या ‘ब’ भागात पाचपैकी चार, तिसऱ्याच्या ‘ब’ भागात चारपैकी दोन, चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन, पाचव्यात दोनपैकी एक. मूल प्रत्येक पेपरात नकळत शाब्दिक उदाहरण सोडून देतं आणि तरी त्याला बरे गुण पडतात. घरी दहा पेपर झाले, शाब्दिक उदाहरण एकही सोडवलं नाही, हे गुणांवरून कधीच समजत नाही. मग परीक्षेत चौथ्या प्रश्नातली दोन उदाहरणं शाब्दिक आली की सुटका नसते. म्हणून पेपर दिल्यावर पहिली नोंद गुणांची नको, सोडून दिलेल्या उदाहरणांची हवी.

मग काय करायचं? विरोध केला की पर्याय देण्याची जबाबदारी येते. सहा आठवडे आहेत. गणिताला रोज एक तास पुरतो, मात्र तो तास नेमका वापरला पाहिजे. पहिली दहा मिनिटं चुकांच्या वहीला. ज्या उदाहरणात चूक झाली ते उत्तर न बघता कोऱ्या पानावर पुन्हा सोडवायचं : दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा, पंधरा दिवसांनी एकदा. तिन्ही वेळा बरोबर आलं की वहीतून खोडायचं. मधली चाळीस मिनिटं सरमिसळ पानाला : सहा उदाहरणं, सहा वेगवेगळ्या प्रकरणांतली, पानावर मथळा नाही. प्रत्येक उदाहरणाआधी एक ओळ लिहायची, ‘हे कोणत्या प्रकारचं आहे आणि कशावरून’. बागेच्या उदाहरणात ती ओळ अशी येईल : ‘दोन अज्ञात, पण त्यांचा गुणाकार दिलाय, म्हणून वर्गसमीकरण.’ शेवटची दहा मिनिटं पडताळणीला.

रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, दोन तास. आलटूनपालटून एका रविवारी बीजगणित, एका रविवारी भूमिती. सोमवारी नवीन काही नाही, तो तास त्या पेपरातल्या चुकांचा आणि सोडलेल्या उदाहरणांचा. सहा आठवड्यांत असे सहा पेपर होतात आणि सहाही पूर्ण निचोडले जातात. भूमितीत रचना आणि प्रमेयांच्या सिद्धता या वाचून येत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा एक सिद्धता पुस्तक मिटून लिहायची : प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, पायथागोरसचं प्रमेय, चक्रीय चौकोनाचं प्रमेय, याच क्रमाने फिरवत.

याला एक मर्यादा आहे, ती न सांगणं अप्रामाणिक होईल. जी पद्धत मुलीला मुळात येतच नाही, ती सरमिसळ पानावर शिकता येत नाही. वर्ग पूर्ण करण्याची पद्धत पहिल्यांदा शिकताना एकाच प्रकारची चार-पाच उदाहरणं सलग सोडवावीच लागतात. मथळ्याची पत्रिका तिथे योग्य आहे. पण पाचव्या उदाहरणानंतर तिचं काम संपतं. सरांनी तिथून पुढे पंधरा उदाहरणं दिली आणि त्यांचेच गुण मोजले, आक्षेप त्याला आहे.

सरमिसळ सरावावर शिक्षकांचा एक ठरलेला आक्षेप असतो : मुलांचे गुण पडतात, हिरमोड होतो, पालक विचारतात की मागच्या महिन्यात ८८ होते, आता ६२ कसे? गुण पडतात हे खरं आहे आणि पडणारच, कारण आता अवघड गोष्टीची परीक्षा होते आहे. पण यावरचा मार्ग ६२ लपवणं हा नाही. पत्रात दोन ओळी जास्त लिहा : ‘या आठवड्यापासून पद्धत न सांगता मिश्र उदाहरणं देत आहे, त्यामुळे गुण कमी दिसतील. निवडीच्या चुका गेल्या आठवड्यात ९ होत्या, या आठवड्यात ५ आहेत.’ हे वाचून कोणत्या आईवडिलांचा धीर सुटेल? धीर सुटतो तो ८८ वाचून निर्धास्त राहिल्यावर पूर्वपरीक्षेत २३ दिसले की. आणि मग घरात ‘घाबरते’ असं लेबल लागतं, ते मूल स्वतःबद्दल खरं मानू लागतं. त्या मुलीला भीती नव्हती. आता तिला सांगितलं जातंय की तिला भीती वाटते.

शेवटचा मुद्दा पालकांच्या कामाचा. ‘ती बसते की नाही याकडे लक्ष द्या’ यामागचं गृहीतक असं की पालकांना गणित येत नाही, मग त्यांनी निदान पहारा द्यावा. हे पालकांना कमी लेखणं आहे. वर्गसमीकरण न येणारी आईसुद्धा चुकांची वही उघडून पाहू शकते : मंगळवारी चुकलेलं उदाहरण गुरुवारी पुन्हा सोडवलेलं आहे का, तारीख टाकली आहे का. ती मुलीला म्हणू शकते, ‘सोडवायच्या आधी सांग, हे कशाचं आहे आणि तुला कशावरून वाटतं?’ मुलगी अडखळली, तर ते उदाहरण सरांना दाखवायचं म्हणून खूण करून ठेवायची. याला रोज दहा मिनिटं लागतात आणि तीन तासांच्या पहाऱ्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागतं.

या मुलीच्या पालकांना माझ्या मते असं पत्र जायला हवं होतं :

‘सप्रेम नमस्कार. या आठवड्यात वर्गसमीकरणं आणि श्रेढी यांच्या सहा पत्रिका झाल्या. सांगितलेल्या पद्धतीने सोडवणं तिला चांगलं जमतं. दोन अडचणी आहेत. एक, समीकरणाचं शेवटचं पद ऋण असलं की ती सूत्रात चिन्ह सोडते. त्यामुळे सात गुण गेले. कंस लिहायला आणि उत्तर पडताळायला शिकवलं आहे, पुढच्या आठवड्यात अशी आठ उदाहरणं इतर उदाहरणांत मिसळून देईन. दोन, कोणती पद्धत वापरायची हे ठरवण्याची परीक्षा मी अजून घेतलेली नाही, पूर्वपरीक्षेतले दहा गुण त्यातच गेले आहेत. उद्यापासून मिश्र पानं सुरू करतो, गुण सुरुवातीला कमी येतील. गणिताला रोज एक तास द्यावा, त्यातली पहिली दहा मिनिटं चुकांच्या वहीला. रविवारी पेपर, सोमवारी त्याच पेपरातल्या चुका. आपण एवढंच पाहावं की चुकलेलं उदाहरण दोन दिवसांनी पुन्हा सोडवलं गेलं आहे.’

या पत्रात सरासरी नाही, पण पालकांना, मुलीला आणि स्वतः सरांना पुढच्या सोमवारी काय करायचं ते समजतं. सरांच्या मूळ पत्रातून ते तिघांपैकी कुणालाच समजत नाही. त्यात केलेल्या कामाची पावती आहे आणि आणखी तसंच काम करण्याची सूचना आहे. पालक दरमहा शिकवणीची फी भरतात ती सहा पत्रिका सोडवून घेण्यासाठी नाही, सहा पत्रिका कुठल्याही दुकानात विकत मिळतात. आपल्या मुलीचं नेमकं काय चुकतं आणि ते कसं सुधारायचं, हे पाहणाऱ्या माणसाची ती फी आहे. पुढच्या शनिवारी पत्र येईल तेव्हा पालकांनी टक्के बाजूला ठेवून उलट उत्तर पाठवावं : कोणत्या प्रकारच्या चुका झाल्या, त्यांतली कोणती मागच्या आठवड्यात होती आणि या आठवड्यात नाही? ज्या शिक्षकाने वह्या खरोखर वाचल्या आहेत, त्याला या प्रश्नाचं उत्तर द्यायला आनंदच होईल.